डिस्चार्ज कार्डाचं मराठी: सांगायचं काय आणि उतरवायचं काय

डिस्चार्ज कार्डात दोन प्रकारचा मजकूर असतो. एक सांगायचा आणि एक उतरवून काढायचा. पेशंट कशानं आला, दवाखान्यात काय केलं, घरी गेल्यावर काय खायचं, कशाकशासाठी लगेच परत यायचं, हे सांगायचं. आजाराचं नाव, औषधाचं नाव, मिलिग्रॅमचा आकडा, तपासणीची तारीख, हे मात्र अक्षरन् अक्षर उतरवायचं. घरातला इंग्रजी वाचणारा पोरगा किंवा पोरगी मोबाईलवरचा फोटो बघून मराठी करायला बसते तेव्हा बहुतेक वेळा सगळंच सांगायला लागते. बिघडतं ते तिथं.

माझा दिवस मेडिकलच्या काउंटरवर जातो. कोल्हापुरात भुदरगड, राधानगरी, चंदगडपासूनचे पेशंट येतात. कार्ड इंग्रजीत मिळतं आणि गोळ्या देणारं माणूस घरी मराठी वाचणारं असतं. मग फोटो काढून पुण्याच्या पुतण्याला, मुंबईच्या भाचीला पाठवला जातो. तिकडून मराठीत लिहून येतं आणि ते घेऊन माणसं गोळ्या न्यायला आमच्याकडं येतात. खालचं उदाहरण अशा बऱ्याच कागदांवरून जुळवलेलं आहे, पण त्यातली प्रत्येक ओळ रोज दिसणारी आहे.

गारगोटीकडचे एक आण्णा, वय साठीच्या पुढं. छातीत दुखू लागलं म्हणून कोल्हापुरात ॲडमिट झाले, ॲन्जिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, ६ सप्टेंबरला घरी सोडलं. साखर आणि बीपी आधीपासून. गोळ्या देणार त्यांची बायको. ती मराठी घडघडा वाचते, इंग्रजी मोठी अक्षरं एकेक करून ओळखते. तिच्या वहीसाठी मराठी करून देणार पुण्यातला पुतण्या.

पुतण्याकडं पहिला फोटो आला तो पलंगावर ठेवलेल्या, चार घड्या घातलेल्या कागदाचा. ट्यूबलाइटखाली काढलेला, त्यात फोटो काढणाऱ्याचीच सावली. वाचता येत होतं, पण वाचता येणं आणि खात्रीनं वाचता येणं यात फरक आहे. कार्डावर एका गोळीपुढं 2.5 mg होतं. कागदाची घडी नेमकी त्या टिंबावरून गेलेली. फोटोत ते 25 दिसत होतं. ती रॅमिप्रिल नावाची बीपीची गोळी आहे आणि 25 mg ची रॅमिप्रिल बाजारात मिळतच नाही, म्हणून आमच्यासारखा माणूस थबकेल. पुतण्याला ते कळायचं कारण नाही.

फोनवर त्यानं नीट सांगितलं, ते असं:

"काकी, कागद भुईवर सपाट पसरा, दारात, उजेडाला."

"आरं, आता तर पाठवला की फोटू."

"व्हय, पण घडीत आकडा गेलाय. चारी कडा दिसू देत. आणि मागच्या बाजूला काय लिहिलंय का बघा."

मागच्या बाजूला लिहिलेलं होतं. पुन्हा कधी यायचं ते सगळं तिथंच होतं. खाली बारीक अक्षरात '3 पैकी पान 2' असंही होतं, म्हणजे तिसरं पान फाईलमध्येच राहिलं होतं. फोटोवरून काम करायचं असेल तर सगळ्यात आधी हा पानांचा हिशोब लावावा. एका फोटोत एकच पान, वरून सरळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद. गोळ्यांच्या तक्त्याचा जवळून आणखी एक फोटो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि टिंब, स्वल्पविराम, अर्ध्याची खूण यांचा पहिला बळी जातो. म्हणून 'डॉक्युमेंट' करून पाठवायचा. घरच्या सगळ्या ग्रुपवर टाकायचं मात्र काही कारण नाही. कार्डावर फोन नंबर, पत्ता, कधीकधी आधारचा आकडासुद्धा असतो.

फोटो नीट आला. आता आजाराची ओळ. कार्डावर असं होतं:

```
CAD - ACS - Inferior Wall MI
Primary PTCA + DES to RCA, LVEF 45%
K/C/O T2DM, HTN    ? CKD
```

या ओळी मराठी वहीत जशाच्या तशा, इंग्रजी मोठ्या अक्षरांत उतरवायच्या. आण्णांना उद्या गारगोटीत दुसऱ्या डॉक्टरकडं न्यावं लागलं आणि फाईल घरी राहिली, तर काकींनी वहीचं पान पुढं केलं की त्याला एका नजरेत सगळं समजलं पाहिजे. 'हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका' एवढंच वाचून त्याला ते अंदाजानं परत इंग्रजीत न्यावं लागेल.

त्याखाली सोप्या मराठीत अर्थ: हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचा आजार. त्यातून हृदयाच्या खालच्या भागाला झटका आला. तातडीनं ॲन्जिओप्लास्टी करून उजव्या धमनीत औषध लावलेला स्टेंट बसवला. साखर आणि बीपी आधीपासून आहे. इथपर्यंत कुणालाही जमतं.

पुढच्या दोन गोष्टींशी थोडं थांबावं लागतं. पहिली, 45%. पुतण्यानं लिहिलं होतं, 'हृदय ४५ टक्केच चालतं'. काकींनी ते वाचलं असतं तर घरात रडारड झाली असती. हृदयाचा डावा खालचा कप्पा भरतो तेव्हा त्यात जेवढं रक्त असतं, त्यातलं किती एका ठोक्यात बाहेर ढकललं जातं, त्याचं हे प्रमाण आहे. निरोगी माणसाचंही ते १०० नसतं, साधारण ५५ ते ७० च्या दरम्यान असतं. म्हणजे आण्णांचं कमी झालंय, पण अर्ध्याहून जास्त हृदय बंद पडलंय असा त्याचा अर्थ नाही. तरीही आकडा बदलायचा नाही, गाळायचा नाही आणि 'थोडंसं कमी' असं लिहून गुळमुळीतही करायचं नाही. 45% तसाच ठेवायचा आणि शेजारी तो कशाचा आकडा आहे ते लिहायचं.

दुसरी गोष्ट ते प्रश्नचिन्ह. CKD म्हणजे किडनीचा जुनाट आजार. पण आधी प्रश्नचिन्ह आहे, म्हणजे डॉक्टरांना शंका आहे, निदान झालेलं नाही. कार्डातल्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कसं काम करते ते दाखवणारा आकडा, 1.5 होतं, नेहमीपेक्षा वर. ॲन्जिओग्राफीत धमन्या दिसाव्यात म्हणून जो डाय सोडतात त्यानंही ते काही दिवस वाढू शकतं. म्हणून तर पुढच्या तपासणीला पुन्हा क्रिएटिनिन सांगितलंय. मराठी करताना प्रश्नचिन्ह गळलं की 'किडनी खराब आहे' असं होतं आणि मग भावकीतलं कुणीतरी काढा सुचवतं. चिन्ह उतरवा आणि पुढं लिहा: 'शंका आहे, पक्कं नाही.' याच जातीचा R/O हा शिक्काही असतो. त्याचा अर्थ 'हा आजार नाही ना ते तपासून बघा' एवढाच. आजार आहे असा नाही.

लहान अक्षरं उलगडताना मोह आवरावा. PID हे कार्डावर बाईच्या ओटीपोटातल्या संसर्गासाठीही लिहितात आणि मणक्याच्या सरकलेल्या गादीसाठीही. MI म्हणजे हृदयाचा झटका, पण एकोच्या रिपोर्टमध्ये तेच हृदयाच्या झडपेच्या गळतीसाठी येऊ शकतं. OD गोळीपुढं असेल तर दिवसातून एकदा, डोळ्याच्या डॉक्टरकडं उजवा डोळा. इंटरनेटवर पहिला सापडलेला अर्थ वहीत लिहिण्यापेक्षा अक्षरं तशीच ठेवून पुढं 'विचारायचं' असं लिहिलेलं बरं.

आता गोळ्या. कार्डावरचा तक्ता:

```
Tab. ASPIRIN 75 mg        0-1-0  after food
Tab. TICAGRELOR 90 mg     1-0-1
Tab. ATORVASTATIN 80 mg   0-0-1
Tab. METOPROLOL XL 25 mg  1-0-0
Tab. RAMIPRIL 2.5 mg      0-0-1
Tab. PANTOPRAZOLE 40 mg   1-0-0  before food x 15 days
Tab. ISOSORBIDE DINITRATE 5 mg  S/L SOS
Hold Tab. METFORMIN till review
```

हे नशिबानं छापील आणि मोठ्या अक्षरांत आहे. औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, असा बदल वैद्यकीय परिषदेच्या नियमांत २०१६ साली झाला. तरी हातानं खरडलेली कार्डं अजून येतातच.

नावं देवनागरीत लिहू नका, असं मी काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. 'मेटोप्रोलॉल' लिहिलं की काकी ते वाचतील, पण पाकिटावर तसं छापलेलं नाही. त्यांना पाकिटावरचं एकेक अक्षर वहीशी ताडून बघायचंय. M, E, T, O पर्यंत जुळलं, आता पुढं काय आहे ते बघ, असं. METOPROLOL आणि METFORMIN ही दोन्ही आण्णांच्याच घरात आहेत. एक बीपीची आणि हृदयाच्या ठोक्यांची, दुसरी साखरेची. पहिली तीन अक्षरं सारखी. बाजूला मराठीत उच्चार लिहायला हरकत नाही, पण तो बाजूलाच.

नावाच्या शेपटाकडं तर नावापेक्षा जास्त लक्ष द्यावं. XL म्हणजे गोळी हळूहळू विरघळणारी, दिवसभर पुरणारी. शेपूट गळालं आणि साधी मेटोप्रोलॉल घेतली तर औषध एकदम उतरतं आणि संध्याकाळपर्यंत संपतं. असल्या गोळ्या चघळून किंवा कुटून घ्यायच्या नसतात. घरी म्हाताऱ्या माणसांना गोळ्या कुटून गुळातून द्यायची सवय असते, म्हणून हे सांगतो. बीपीच्या गोळ्यांच्या नावामागं H किंवा AM असलं तर त्यात दुसरंही औषध मिसळलेलं असतं. दोन अक्षरं गाळली म्हणजे एक औषध गाळलं.

आकड्यांचं म्हणाल तर ते इंग्रजीतच ठेवा. मराठी लिहिता लिहिता हात आपोआप मराठी आकडे काढतो आणि गोंधळ तिथं होतो. आपला १ घाईत वाचला की इंग्रजी 9 वाटतो, आपला ४ इंग्रजी 8 सारखा दिसतो. पाकिटावर इंग्रजी आकडे, वहीत मराठी आकडे, चष्मा आत राहिलेला. या लेखातसुद्धा कार्डावरचे आकडे मी कार्डावर होते तसेच ठेवलेत. अर्ध्या गोळीची खूण ½ अशी असते. ती खराब फोटोत '1/2' आणि मग 'एक ते दोन' अशी वाचली गेल्याचं मी बघितलंय. अर्धी गोळी असेल तर शब्दांत 'अर्धी' लिहा, आकडा शेजारी राहू दे. इन्सुलिनच्या पेशंटच्या कार्डावर आकड्याला चिकटून U असतो. 10U हे 100 वाचलं तर काय होईल ते सांगायला नको.

1-0-1 हे बहुतेकांना माहीत असतं: सकाळ, दुपार, रात्र. BD म्हणजे दिवसातून दोनदा, TDS तीनदा, HS झोपताना. इथं एक पथ्य पाळायचं. कार्डावर नुसतं OD असेल आणि सकाळ की रात्र ते लिहिलं नसेल, तर आपल्या मनानं 'सकाळी' भरायचं नाही. 'दिवसातून एकदा, वेळ लिहिलेली नाही, विचारायचं' असं लिहायचं. आण्णांच्या तक्त्यात बहुतेक वेळा आहेत, पण टिकॅग्रेलॉरपुढं जेवणाआधी की नंतर ते नाही. पुतण्यानं सगळ्याच गोळ्यांपुढं 'जेवणानंतर' लिहून टाकलं होतं, पॅन्टोप्राझोलसकट. ती जेवणाआधीची. शिवाय ती 15 दिवसांचीच आहे हेही त्याच्या मराठीतून गळालं होतं. बाकीच्या गोळ्यांना मुदत नाही आणि हिला आहे, हा फरक डोळ्यांत भरेल असा लिहायला हवा: 'फक्त 15 दिवस, 20 सप्टेंबरपर्यंत.' मुदत कार्डावरची, तारीख आपण मोजलेली. गोळी ६ तारखेपासून धरून मोजलेली, हेही तिथंच लिहायचं.

SOS ची गोळी तर खास सांभाळायची. तक्त्यात इतर गोळ्यांबरोबर बसलेली असल्यानं ती रोजची वाटते. SOS म्हणजे गरज पडली तरच. S/L म्हणजे जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही. गरज म्हणजे कसली, ते या कार्डाच्या तिसऱ्या पानावर होतं: छातीत दुखल्यास. तेच पान जे फाईलमध्ये राहिलं होतं. ते पान नसतं तर मराठीत 'छातीत दुखलं तर' लिहायचा अधिकार पुतण्याला नव्हता, जरी त्याचा अंदाज बरोबर ठरला असता. किती वेळा घ्यायची आणि तरी दुखणं थांबलं नाही तर किती मिनिटांनी निघायचं, हे तिसऱ्या पानावरही नव्हतं. हा प्रश्न घरी निघायच्या आधीच वॉर्डातल्या डॉक्टरांना विचारायचा असतो. राहिला तर त्याच दिवशी फोन करायचा.

आता शेवटची ओळ, जिच्यावर या सगळ्या कागदाचं भवितव्य होतं. Hold Tab. METFORMIN till review. पुतण्याचं मराठी: 'पुढच्या तपासणीपर्यंत मेटफॉर्मिन चालू ठेवा.' शाळेत होल्ड म्हणजे धरणं, ठेवणं शिकलेलं. दवाखान्याच्या भाषेत होल्ड म्हणजे तात्पुरती थांबवणं. डाय दिल्यानंतर आणि क्रिएटिनिन वाढलेलं असताना मेटफॉर्मिन काही काळ थांबवतात, किडनीचा रिपोर्ट बघून पुन्हा सुरू करायची की नाही ते ठरवतात. घरी डब्यात तिची दोन पाकिटं पडलेली. काकींनी ती इमानेइतबारे दिली असती. बरोबर मराठी असं: 'METFORMIN देऊ नका. पुढच्या तपासणीत डॉक्टर सांगतील तोपर्यंत बंद.' इथं 'कायमची बंद' असंही होऊ द्यायचं नाही. Stop, Hold आणि Continue हे तीन शब्द कार्डावर कुठं कुठं आहेत ते आधी शोधून त्यांना गोल करा, मग मराठीला बसा.

घरातल्या जुन्या डब्याचा आणखी एक धोका आहे. कार्डावर ASPIRIN लिहिलंय, डब्यात आधीच्या डॉक्टरांनी दिलेली ब्रँडच्या नावाची गोळी आहे. नाव वेगळं, औषध तेच. मराठी वहीत दोन्ही आली तर आण्णा रोज दुप्पट घेतील. पाकिटावर ब्रँडच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत मूळ औषधाचं नाव छापलेलं असतं. वहीशी ताडायचं ते हे बारीक नाव. काही पाकिटांत ॲस्पिरिन आणि ॲटॉरव्हास्टॅटिन एकाच कॅप्सूलमध्ये असतात, अशी पाकिटंही शोधून बघा. जुना डबा उचलून मेडिकलमध्ये घेऊन या, आम्ही जुळवून देतो. त्याचे पैसे पडत नाहीत.

पुढच्या तपासणीचा भाग मागच्या पानावर होता. त्याचं मराठी करताना वाक्य आपलं, पण क्रम कार्डाचा. मूळ मजकुराचा अर्थ असा की सात दिवसांनी ओपीडीत यायचं, सोबत क्रिएटिनिन आणि इलेक्ट्रोलाइट्सचे रिपोर्ट. सहा आठवड्यांनी टूडी एको आणि उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या बंद करायच्या नाहीत. पुतण्यानं लिहिलं, '७ दिवसांनी दाखवणे व रक्त तपासणे.' वाचायला ठीक आहे. पण रिपोर्ट सोबत न्यायचेत, म्हणजे रक्त आधी द्यायचं. गारगोटीहून एसटीनं कोल्हापूर गाठायचं आणि तिथं कळायचं की रिपोर्ट नसल्यानं उद्या या, ही अडचण त्या एका 'व' मुळं होते. पक्कं मराठी असं झालं: 'डिस्चार्जनंतर 7 दिवसांनी (6 सप्टेंबरपासून मोजून 13 सप्टेंबर) ओपीडीत दाखवायचं. त्याआधी S. Creatinine आणि S. Electrolytes साठी रक्त द्यायचं, रिपोर्ट हातात घेऊन जायचं.' 13 तारखेला त्या डॉक्टरांची ओपीडी आहे का, हे फोन करून विचारायचं काम वेगळं. तारीख आपण काढलेली असल्यामुळं कार्डावरचे '7 दिवस' खोडायचे नाहीत.

सहा आठवड्यांची तारीख 18 ऑक्टोबर येते. उपाशीपोटी हा शब्द लिपिडच्या तपासणीपुढं आहे, एकोपुढं नाही. दोन्ही एका वाक्यात कोंबलं की पेशंट एकोसाठीही सकाळपासून उपाशी बसतो, आणि साखरेच्या माणसाला ते सोसत नाही.

रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्यांबद्दलचं वाक्य मी सगळ्यात ठळक लिहायला लावतो. ASPIRIN आणि TICAGRELOR. स्टेंट नवा असताना त्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून त्या असतात. मध्येच सोडल्या तर स्टेंट अचानक बंद होऊ शकतो. टिकॅग्रेलॉरनं काही जणांना दम लागल्यासारखं होतं. तसं झालं तर गोळी आपणच बंद न करता डॉक्टरांना सांगायचं. दात काढायची वेळ आली तरी तसंच. पण किती महिने घ्यायच्या, हे या कार्डावर नव्हतं. झटक्यानंतर साधारण वर्षभर दोन्ही देतात हे मला माहीत आहे, तुम्ही गूगलवरही वाचाल. तरी आण्णांच्या वहीत 'एक वर्ष' लिहायचं नाही. कुणाला सहा महिन्यांत बदलतात, कुणाला जास्त काळ. ते ठरवणारा माणूस वेगळा आहे.

जेवणाबद्दल कार्डावर एकच ओळ होती: कमी मीठ, कमी तेल-तूप, साखरेच्या पेशंटचा आहार. आणि सहा आठवडे जड काम नाही. हा सांगायचा मजकूर आहे, त्यामुळं इथं पुतण्याचं मराठी खुललं. पापड, लोणचं, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, मिसळीचा कट अशी यादीच त्यानं काढली. शेवटी लिहिलं, 'तांबडा-पांढरा कायमचा बंद.' सल्ला वाईट नाही. पण डॉक्टरांनी हे लिहिलेलं नाही आणि काकी ते डॉक्टरांचं म्हणूनच वाचणार. यावर मी सुचवलेला उपाय सोपा आहे. पानाच्या खाली एक आडवी रेघ मारायची. रेघेवर फक्त कार्डातलं. रेघेखाली 'घरची टीप' म्हणून आपलं. मीठ कमी म्हणजे लोणचं-पापड आला, ही टीप रेघेखाली. आण्णांचा प्रश्न होता की म्हशीची धार काढणं जड काम धरायचं का. हा प्रश्नही रेघेखाली, 13 तारखेला विचारायच्या यादीत. माझ्या मते ही रेघ म्हणजे या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे, कारण तिच्यामुळं पुतण्याला बोलायलाही जागा मिळते आणि कार्डाला धक्काही लागत नाही.

वाचता न आलेल्या जागाही तशाच उघड्या ठेवायच्या. आण्णांच्या तिसऱ्या पानावर पेनानं काहीतरी एक ओळ लिहिली होती, सही आणि शिक्क्याखाली दबलेली. पुतण्यानं तिथं चौकोन काढला आणि लिहिलं, 'इथं काहीतरी हातानं लिहिलंय, वाचता येत नाही.' दवाखान्यात फोन करताना कार्डावरचा आयपी नंबर हाताशी ठेवला तर नर्सताई फाईल लगेच काढतात. तो नंबर नसला की 'कुठला पेशंट, कधीचा' इथूनच सुरुवात होते. त्या ओळीत शेवटी मनगटावरची पट्टी कधी काढायची ते निघालं.

मराठी लिहून झालं की ते तपासायचं कसं? स्वतःच परत वाचून चूक सापडत नाही, डोळा आपलं लिहिलेलं बरोबरच वाचतो. दुसऱ्या कुणाला तरी, अगदी नववीतल्या पोरीलाही, एका हातात फोटो आणि दुसऱ्या हातात वही देऊन फक्त नावं, आकडे आणि तारखा मोठ्यानं वाचायला लावायच्या. अर्थ कळायची गरज नाही, अक्षरं जुळली पाहिजेत. मग दुसरी तपासणी काकींची. 'कळलं का?' असं विचारलं की सगळे व्हय म्हणतात. म्हणून पुतण्यानं उलटं विचारलं.

"काकी, आज रात्री आण्णांना कुठकुठल्या गोळ्या देणार? पाकिटं समोर घेऊन सांगा."

"ही टी-आय-सी वाली एक. ए-टी-ओ वाली एक. आर-ए-एम वाली एक. आन् ती जिभेखालची."

"ती रात्रीची न्हाई. छातीत दुखलं तरच."

"मग ती ह्या डब्यात कशाला ठेवायची? देवघरापाशी ठेवते, सगळ्यांना दिसंल आशी."

ही चूक वहीत नव्हती, काकींच्या डब्यात होती. गोळ्या मांडायला लावल्यामुळं ती सापडली.

वहीचं पान मूळ कार्डाची जागा घेत नाही, हेही घरच्यांना सांगून ठेवावं. तपासणीला जाताना मूळ कार्ड, सगळे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं न्यायची. विम्याच्या कामाला किंवा दुसऱ्या दवाखान्यात दाखवायला मूळ इंग्रजी कागदच लागतो. मध्यरात्री छातीत दुखू लागलं तर वही वाचत न बसता 108 ला फोन करायचा आणि मूळ फाईल पिशवीत टाकून निघायचं.

13 तारखेला डॉक्टरांनी क्रिएटिनिन बघून मेटफॉर्मिन पुन्हा सुरू केली आणि रॅमिप्रिल 5 mg केली, असं समजा. तेव्हा जुन्या पानावर खाडाखोड करायची नाही. 2.5 वर 5 गिरवला की तो 25 ही दिसतो आणि 55 ही. नवीन पान घ्यायचं, वर तारीख टाकायची, नव्या चिठ्ठीचा फोटो बघून पहिल्यापासून उतरवायचं आणि फ्रिजवर चिकटवलेलं जुनं पान काढून फाईलमध्ये ठेवायचं.